पाचशेचं पेट्रोल, सहा हजारांची एसआयपी आणि हरात्मक मध्य

पेट्रोल पंपावर दोन प्रकारचे गिऱ्हाईक दिसतात. एक म्हणतो, ‘पाचशेचं टाका.’ दुसरा म्हणतो, ‘पाच लिटर टाका.’ दोघांनी वर्षभर तितक्याच वेळा, त्याच दिवशी, त्याच पंपावर पेट्रोल भरलं आणि भाव थोडाफार जरी हलला, तरी पाचशेवाल्याला लिटरमागे सरासरी कमी पैसे पडलेले असतात. त्याने हुशारी काही केलेली नसते, भागाकाराने ते आपोआप घडतं.

दोनच खरेदी घेऊन पाहू. समजा एखाद्या वस्तूचा भाव एकदा ४० रुपये होता आणि एकदा ६०. दोन्ही वेळा एकेक नग घेणाऱ्याचे १०० रुपये जातात, म्हणजे नगामागे ५०. ही आपली शाळेतली साधी सरासरी. आता दोन्ही वेळा १२०-१२० रुपयांची खरेदी करा. पहिल्यांदा ३ नग येतात, दुसऱ्यांदा २. एकूण २४० रुपयांत ५ नग, म्हणजे नगामागे ४८. रक्कम ठरलेली असल्यामुळे स्वस्ताईत जास्त नग येतात आणि सरासरी काढताना स्वस्त भावाचं वजन आपोआप वाढतं. या ४८ ला हरात्मक मध्य म्हणतात: भावांचे व्यस्त घ्यायचे, त्यांची साधी सरासरी काढायची आणि उत्तर पुन्हा उलटं करायचं. जाताना ताशी ४० आणि येताना ताशी ६० किलोमीटरने गाडी चालवली, तर सगळ्या प्रवासाचा सरासरी वेग ५० नाही, ४८ येतो. कारण तेच. तिथे अंतर ठरलेलं असतं, इथे रक्कम.

दोन भाव a आणि b असतील, तर साधी सरासरी आणि हरात्मक मध्य यांच्यातला फरक नेमका इतका असतो:

```
(a - b)² / (2(a + b))
```

४० आणि ६० साठी हे ४०० भागिले २००, म्हणजे २ रुपये. वर्ग कधी ऋण नसतो, म्हणून ठरावीक रकमेच्या खरेदीची सरासरी साध्या सरासरीच्या वर जाऊच शकत नाही. दोन्ही भाव सारखे असतील तरच बरोबरी होते. चढउतार दुप्पट झाला की फरक चौपट होतो, हेही त्या वर्गातच दडलेलं आहे. ३० आणि ७० घ्या: साधी सरासरी तीच ५०, पण हरात्मक मध्य ४२. उलट १०० आणि १०६ रुपये लिटर अशा भावांत हा फायदा जेमतेम ९ पैशांचा. पेट्रोलपुरता हा शोध निरुपयोगीच म्हणायचा.

म्युच्युअल फंडाच्या एसआयपीत मात्र भाव बराच हलतो. समजा दरमहा ६००० रुपयांचे सहा हप्ते गेले आणि त्या त्या दिवशीची एनएव्ही, म्हणजे फंडाच्या एका युनिटचा भाव, ६०, ५०, ४०, ४८, ५०, ६० अशी होती. युनिट मिळाले अनुक्रमे १००, १२०, १५०, १२५, १२० आणि १००, एकूण ७१५. छत्तीस हजार भागिले ७१५ केलं की सरासरी खरेदी किंमत ५० रुपये ३५ पैसे येते. सहा एनएव्हींची साधी सरासरी ५१ रुपये ३३ पैसे आहे. दोनांपेक्षा जास्त भाव असले की अंदाजासाठी एक सोपी युक्ती चालते: भावांच्या विचरणाला (प्रमाण विचलनाच्या वर्गाला) साध्या सरासरीने भागायचं. इथे ४८.८९ भागिले ५१.३३, म्हणजे सुमारे ९५ पैसे. प्रत्यक्ष फरक ९८ पैसे आहे, अंदाज वाईट नाही.

खऱ्या स्टेटमेंटमध्ये आकडे इतके गोल नसतात. जुलै २०२० पासून खरेदीवर ०.००५ टक्के मुद्रांक शुल्क लागतं. ६००० मागे ते ३० पैसे. उरलेल्या ५९९९.७० रुपयांना ४८ ने भागून, तीन दशांश स्थळांपर्यंत, १२४.९९४ युनिट जमा होतात. शेवटच्या स्थळांत आपला हिशोब जुळला नाही, तर बहुधा कारण हेच असतं.

एसआयपीच्या जाहिरातीत ‘सरासरी खरेदी किंमत बाजाराच्या सरासरीपेक्षा कमी’ असं म्हटलेलं असतं. ते खोटं नाही, पण त्याचा नफ्याशी संबंध लावला की घोटाळा होतो. वरच्याच सहा एनएव्ही चढत्या क्रमाने लावा: ४०, ४८, ५०, ५०, ६०, ६०. मग उतरत्या: ६०, ६०, ५०, ५०, ४८, ४०. बेरजेला क्रमाशी देणंघेणं नसतं, त्यामुळे दोन्हीकडे युनिट ७१५ आणि सरासरी किंमत ५०.३५ च. पण पहिल्या माणसाची गुंतवणूक शेवटी ६० च्या भावाने ४२,९०० रुपयांची आहे, ६९०० नफा. दुसऱ्याची ४० च्या भावाने २८,६०० ची, ७४०० तोटा. साध्या सरासरीच्या ९८ पैसे खाली खरेदी दोघांनीही केली होती.

शिवाय तुलना कोणाशी करतो तेही पाहायला हवं. साध्या सरासरीच्या भावाने खरेदी होते ती दर महिन्याला ठरावीक युनिट घेणाऱ्याची. एकरकमी पैसे घालणाऱ्याची तुलना पहिल्या दिवसाच्या भावाशी करावी लागते. चढत्या क्रमात त्याने छत्तीस हजारांत ४० च्या भावाने ९०० युनिट घेतले असते आणि शेवटी त्याच्याकडे ५४,००० असते. उतरत्या क्रमात त्याला ६०० च युनिट मिळाले असते, किंमत २४,०००. म्हणजे एकदा तो एसआयपीवाल्याच्या पुढे, एकदा मागे. हरात्मक मध्याची असमानता या सामन्याचा निकाल सांगत नाही, ती त्याबद्दल काही बोलतच नाही.

एक्सेलमध्ये हिशोब करणारे आणखी एका ठिकाणी फसतात. B रकान्यात एनएव्ही, C मध्ये रक्कम आणि D मध्ये युनिट असतील, तर हे दोन मार्ग दिसतात:

```
=HARMEAN(B2:B7)
=SUM(C2:C7)/SUM(D2:D7)
```

पहिला फक्त हप्ते सारखे असतील तोवरच बरोबर. खात्यात पैसे नसल्याने एखादा हप्ता बाउन्स झाला आणि त्या महिन्याची एनएव्ही रकान्यात तशीच राहिली, की उत्तर चुकतं. पगारवाढीबरोबर हप्ता वाढवणाऱ्या स्टेप-अप एसआयपीत तर मूळ खात्रीच उडते. ४० ला ६००० आणि ६० ला १२,००० घातले, तर १५० आणि २०० मिळून ३५० युनिट होतात आणि सरासरी ५१ रुपये ४३ पैसे पडते. भावांची साधी सरासरी ५० होती, म्हणजे या वेळी आपण तिच्या वर गेलो. जास्त रक्कम महाग महिन्यात पडली आणि स्वस्त भावाला मिळालेलं वजन तिने खाऊन टाकलं. दुसरं सूत्र अशा वेळीही बरोबर उत्तर देतं, कारण ते फक्त गेलेले पैसे आणि आलेले युनिट मोजतं.