काणकोणची बस रद्द झाली, तर हीपमध्ये काय होतं?

पणजीच्या बसस्थानकावर एक फलक आहे असं धरा. सात बसेस, आणि प्रत्येकीला सुटायला किती मिनिटं उरली तो आकडा. आधी सुटणारी बस झटकन मिळावी म्हणून प्रोग्रॅमने त्या हीपमध्ये ठेवल्यात. ०पासून मोजलेल्या जागांवर त्या अशा आहेत: म्हापसा १०, वास्को ४०, मडगाव १५, काणकोण ५०, पेडणे ६०, फोंडा २०, डिचोली २५. नियम एकच: प्रत्येक बसचा आकडा तिच्या वरच्या बसइतका किंवा जास्त. `i` या जागेच्या वरची जागा म्हणजे `(i-1)//2`.

आता काणकोणची बस रद्द झाली. ती कुठे आहे? हीपला फक्त सर्वांत वरची बस ठाऊक असते, बाकीच्यांसाठी एकेक जागा धुंडाळावी लागते. सात बसेसना चालेल. लाखभर नोंदी असतील, तर काढून टाकणं जेमतेम १६ पायऱ्यांचं आणि शोधणं लाखभर तपासण्यांचं! म्हणून शेजारी `pos` नावाची नोंदवही ठेवतात: कुठली बस कितव्या जागेवर. ही वही जुळलेली राहावी, तर अदलाबदल एकाच ठिकाणी लिहायची आणि दुसरीकडे कुठेही हीपमधल्या जागा हाताने बदलायच्या नाहीत.

```python
def swap(i, j):
    h[i], h[j] = h[j], h[i]
    pos[h[i].id] = i
    pos[h[j].id] = j
```

वही सांगते, काणकोण ३ नंबरवर. तिची शेवटच्या डिचोलीशी अदलाबदल करायची, मग शेपटाची काणकोण काढून वहीतूनही खोडायची. (काढायची बस मुळात शेवटचीच असेल, तर नुसती खोडली की झालं.) आता ३ नंबरवर डिचोली, २५. तिच्या खाली कुणी नाही, पण वर वास्को आहे, ४०! डिचोली दुसऱ्या फांदीतून आली, म्हणून ती नव्या जागी वरच्यापेक्षा लहान निघू शकते. तिला वर सरकवावं लागतं: डिचोली १ वर, वास्को ३ वर. त्याच्यावर म्हापसा १०, तिथे थांबायचं.

बरेचजण इथे फक्त खाली सरकवतात. गंमत म्हणजे या सहा बसेस एकेक करून काढल्या, तर तशाही बरोबर क्रमाने निघतात; चूक दिसतच नाही. पण त्यात सावंतवाडी ७० घाला आणि पुन्हा काढत जा: फोंड्यानंतर वास्को ४० बाहेर पडते, डिचोली २५ मागेच. म्हणून चाचणीत निकाल बघून भागत नाही. प्रत्येक बदलानंतर सगळ्या जागांवर `h[(i-1)//2] <= h[i]` आणि `pos[h[i].id] == i` दोन्ही तपासावं (पहिली तपासणी १पासून पुढे, आणि तुलना मिनिटांची).

बस लवकर सुटणार असेल, तर काम सोपं. आकडा फक्त घटलेला असतो, म्हणून वहीतून जागा काढायची, आकडा बदलायचा आणि वरच सरकवायचं. पेडण्याचे ६० चे १२ झाले, तर ती ४ वरून १ वर येते आणि म्हापशाच्या १० पाशी थांबते.