ब्रेसेस काढताना ओठांचा लाल रंग दातांवर का उतरतो?

फोटोशॉपमध्ये फोटोतल्या दातांवरून तारा काढायच्या म्हटलं की बहुतेक जण थेट हीलिंग ब्रश उचलतात, आणि दोन-चार स्ट्रोकमध्ये दातावर एक गुलाबीसर डाग येतो जो कितीही घासला तरी पसरतच जातो. मग ब्रशला दोष देतात. खरं तर तो ब्रश त्याला शिकवलेलं गणितच करत असतो.

क्लोन स्टॅम्प इथले पिक्सेल उचलून तिथे जसेच्या तसे चिकटवतो. हीलिंग ब्रश मात्र सोर्समधून फक्त शेजारच्या पिक्सेलमधले फरक, म्हणजे टेक्श्चर घेतो, आणि रंग-उजेड घेतो तुमच्या स्ट्रोकच्या कडेला जे काही आहे त्यातून, मग कडेचा रंग आतपर्यंत असा सावकाश मिसळत नेतो की जोड दिसू नये. गालावर हे सुंदर चालतं कारण चारी बाजूंना त्वचाच असते. दातावर कड ओठाला लागली की लाल आत झिरपतो, आणि ब्रॅकेट, म्हणजे तार धरून ठेवणारा दातावरचा धातूचा छोटा तुकडा, अर्धवट झाकला तर धातूचा करडा रंग झिरपतो, हा दुसरा प्रकार तर फार जणांच्या लक्षातच येत नाही.

म्हणून आधी दातांभोवती सिलेक्शन करा, ओठाच्या कडेला अगदी चिकटून, म्हणजे बाहेरचा रंग आत येत नाही. मग नवीन लेयर घ्या आणि ब्रशचं सॅम्पल ‘करंट अँड बिलो’वर ठेवा, नाहीतर रिकाम्या लेयरवर ब्रशला उचलायला काही मिळत नाही. तार दोन दातांमधल्या फटीवरून जाते तिथे बारीक क्लोन ब्रशने आधी फटीची काळी रेघ जोडून घ्या, नाहीतर दात एकमेकांत वितळल्यासारखे दिसतात. त्यानंतर हीलिंग ब्रशने एकेक ब्रॅकेट, त्याच्या सावलीसकट पूर्ण झाकून, स्ट्रोकची कड स्वच्छ दातावर पडेल असा.

सोर्स शक्यतो त्याच दाताचा घ्या, पण वरच्या दाताचा हिरडीकडचा भाग जरा पिवळट आणि खालची धार किंचित करडी, पारदर्शक असते, त्यामुळे ब्रॅकेटचा वरचा अर्धा भाग वरून भरायचा आणि खालचा खालून. वरचा ओठ ब्रॅकेटला टेकलेला असेल तर त्या बाजूला स्वच्छ दात उरतच नाही, तिथे हीलिंग सोडून क्लोनच वापरा. सगळं झाल्यावर ओलसर दातावरची चमक हरवली असेल तर शेजारच्या दाताकडे बघून हलकीशी परत द्या, नाहीतर दात कागदाचा वाटतो.

फोटोतून नाकातली चमकी काढतानाही असंच, फक्त तिथे खडा काढून त्याची छोटी सावली राहून जाते आणि नाकावर तीळ असल्यासारखं दिसतं.

ओठांना धक्का लागला का हे डोळ्यांनी ठरवू नका. मूळ फोटोची कॉपी सगळ्यात वर ठेवून ब्लेंड मोड डिफरन्स करा. जिथे काहीच बदललं नाही तिथे शुद्ध काळं दिसतं, वर लेव्हल्स लावून उजेड ताणला की पुसटसे बदलही उठून येतात, आणि ओठाच्या जागी एखादा ठिपका चमकला तर तेवढाच भाग लेयर मास्कने झाकून टाकायचा.