स्विचचा टीडीआर: केबलची लांबी वेगळी, तुटीचं अंतर वेगळं

तक्रार आली की नेटवर्क स्विचवर केबल टेस्ट चालवायची, समोर `Open` दिसलं की केबल खराब म्हणून नवी ओढायला सांगायचं, आणि शेजारी जो मीटरचा आकडा असेल तो तिकिटात ‘केबलची लांबी’ म्हणून लिहायचा. हे मला वारंवार दिसतं. यात धडधाकट केबली बदलल्या जातात, आणि खरोखर तुटलेली पेअर, म्हणजे केबलमधल्या चार वायर-जोड्यांपैकी एक, कुठे तुटली हे स्विचने सांगूनही कुणी वाचत नाही. म्हणून केबलची लांबी आणि तुटीचं अंतर या दोन गोष्टी इथे शेजारी ठेवतो. स्क्रीनवर दोन्ही एकाच रकान्यात येतात, सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

एलईडीवाला टेस्टर सगळ्यांना माहीत आहे. आठ वायरी ओळीने लुकलुकतात, एखादी लागत नाही, म्हणजे ती वायर गेली. कोणती गेली ते कळतं, कुठे गेली ते कळत नाही. स्विचमधला टीडीआर, म्हणजे पल्स सोडून केबल तपासणारी वरची टेस्ट, याच्या उलट आहे. तो वायर सांगत नाही, पेअर सांगतो, कारण पेअरमधली एक वायर तुटली तरी त्याच्या लेखी अख्खी पेअर उघडी पडते. मात्र ती किती मीटरवर उघडी पडली हे तो सांगतो.

कसं सांगतो तेही थोडक्यात. स्विच पेअरमध्ये एक छोटा पल्स सोडतो. तांब्यात तो प्रकाशाच्या वेगाच्या साधारण दोन तृतीयांश वेगाने, म्हणजे एका नॅनोसेकंदाला अंदाजे 20 सेंटीमीटर धावतो. पेअरचा इम्पीडन्स 100 ओहम आहे तोवर तो पुढे जात राहतो. जिथे हा इम्पीडन्स एकदम बदलतो तिथून पल्सचा काही भाग किंवा सगळाच परत फिरतो. पेअर तुटलेली असेल तर तो सरळ परततो, शॉर्ट असेल तर उलटा होऊन परततो. जाण्यायेण्याचा वेळ निम्मा केला की अंतर मिळतं. 31 मीटरवरची तूट 310 नॅनोसेकंदांत परत हाक देते.

आता मुद्द्याचं. स्थिती `Open` किंवा `Short` असेल तेव्हा `Pair length` खालचा आकडा हा पल्स जिथून परतला त्या जागेचं अंतर असतो. केबल त्याच्या पुढे आणखी पन्नास मीटर असली तरी स्विचला ती दिसत नाही. स्थिती `Normal` असेल तेव्हा गोष्ट निराळी. पलीकडचं यंत्र पेअरला 100 ओहमने बंद करतं, पल्स तिथे गिळला जातो, परत काही येतच नाही. मग लांबी कुठून काढणार? अनेक चिप्समध्ये गिगाबिट लिंक चालू असताना सिग्नल वाटेत किती क्षीण झाला यावरून लांबीचा अंदाज बांधला जातो, आणि तो ढोबळ असतो. काही स्विच त्या जागी सरळ `N/A` लिहितात. म्हणजे एकाच रकान्यातले दोन आकडे दोन वेगळ्या रीतींनी आलेले असतात आणि दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात. लिनक्सच्या `ethtool` मध्ये तुटीच्या अंतराच्या आकड्याला `fault length` म्हणतात. मला तेच नाव पटतं. स्विच बनवणाऱ्यांनीही तेच वापरायला हवं होतं.

याच घोळातून पुढचा घोळ निघतो. केबलचं दुसरं टोक मोकळं असेल तर चारही पेअर `Open` येतात, आणि ते बरोबरच आहे, कारण टोकाला त्या खरोखर उघड्या आहेत. तिथे काहीही बिघडलेलं नाही. चारही पेअर सारख्याच अंतरावर `Open` असतील तर बहुतेक वेळा तो आकडा हीच केबलची लांबी. एखादी पेअर बाकीच्यांपेक्षा बरीच आधी `Open` असेल, तर तिचा आकडा तुटीचं अंतर. सगळ्या आधीच थांबत असतील तर केबल मधेच पूर्ण कापली गेली आहे, आणि हे ओळखायला खरी लांबी आधी माहीत असावी लागते. म्हणून एकटा आकडा कधीच वाचू नये. चार आकडे एकमेकांशेजारी ठेवूनच वाचावेत.

एक उदाहरण पूर्ण करतो. एका ऑफिसातल्या टेबलावरचा पीसी गिगाबिटवरून 100 एमबीपीएसवर उतरला. 100 ला 1-2 आणि 3-6 या दोनच पेअर पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. त्यामुळे गिगाबिट पोर्टवर अचानक 100 दिसलं की पहिला संशय निळ्या किंवा तपकिरी पेअरवर घ्यावा. सिस्को कॅटलिस्टवर टेस्ट अशी चालते:

```
test cable-diagnostics tdr interface gi1/0/12
show cable-diagnostics tdr interface gi1/0/12
```

पहिली कमांड देण्याआधी पीसीकडची पॅच कॉर्ड भिंतीवरच्या आयओमधून, म्हणजे नेटवर्क सॉकेटमधून, काढा. हे सांगायचा मला कंटाळा येत नाही, कारण निम्मे चुकीचे निकाल इथेच तयार होतात. 10 किंवा 100 ची लिंक चालू असताना, किंवा पलीकडे आयपी फोन असताना, आलेल्या आकड्यांवर विसंबता येत नाही. टोक मोकळं असलं की निकाल स्वच्छ येतो. शिवाय टेस्टदरम्यान लिंक पडते, म्हणून अपलिंकवर भर दुपारी ही कमांड देऊ नये. काही सेकंद थांबून दुसरी कमांड द्यायची. निकाल असा आला:

```
Local pair Pair length        Pair status
Pair A     47   +/- 4  meters Open
Pair B     47   +/- 4  meters Open
Pair C     46   +/- 4  meters Open
Pair D     31   +/- 4  meters Open
```

A, B, C मोकळ्या टोकापर्यंत पोहोचल्या. त्यांच्यातला एका मीटरचा फरक सोडून द्या. प्रत्येक पेअरचा पीळ वेगळा असतो, त्यामुळे तांब्याची लांबी थोडी कमीजास्त भरतेच. D मात्र 31 वर थांबली. सिस्कोच्या हिशोबात D म्हणजे पिन 7-8, बी पद्धतीच्या वायरिंगमध्ये तपकिरी पेअर. इथे 31 ही केबलची लांबी नाही आणि 47 हे तुटीचं अंतर नाही, एवढं ज्याला दिसलं त्याला पुढचं सगळं सोपं आहे.

‘प्लस-मायनस 4’ वाचून लोक म्हणतात, आठ मीटरच्या पट्ट्यात शोधायचं तर उपयोग काय? उपयोग आहे. या चुकीतला मोठा भाग वेगाच्या गृहीतकातून येतो. तुमच्या केबलमध्ये पल्स किती वेगाने धावतो हे स्विचला माहीत नसतं, तो एक ठरावीक वेग धरून चालतो. ती चूक चारही पेअरना जवळपास सारख्याच प्रमाणात लागते. म्हणून 31 आणि 47 यांचं गुणोत्तर त्या सुट्या आकड्यांपेक्षा जास्त भरवशाचं असतं. फक्त एक खरी लांबी हाताशी हवी.

ती केबलच्या अंगावरच छापलेली असते. 305 मीटरच्या पेटीतून आलेल्या केबलवर बहुधा दर मीटरला आकडा असतो, पण तो कुणी वाचत नाही. या केबलवर पॅच पॅनलपाशी 118 होता आणि आयओपाशी 163. म्हणजे केबल 45 मीटर. स्विचपासून पॅनलपर्यंत 1 मीटरची पॅच कॉर्ड, एकूण 46. स्विच 47 म्हणतोय, म्हणजे तो थोडं जास्त मोजतोय. 31 ला 46 ने गुणून 47 ने भागलं की 30 पेक्षा किंचित जास्त येतं. त्यातून पॅच कॉर्डचा 1 मीटर वजा केला की पॅनलपासून 29 मीटर. 118 अधिक 29 म्हणजे 147. आता फॉल्स सीलिंगमध्ये टेप घेऊन मोजत बसायचं नाही, केबलवर छापलेला 147 शोधायचा. रॅकमधून वर चढलेली, ट्रेमधून वळलेली, वेटोळं करून ठेवलेली सगळी केबल या हिशोबात आपोआप येते. जमिनीवर पावलं मोजून गेलात तर हमखास भलत्याच जागी पोचाल.

शिडी लावण्याआधी मी दुसऱ्या टोकाकडूनही मोजतो. पॅनलकडची पॅच कॉर्ड काढायची, आयओला 1 मीटरच्या कॉर्डने टीडीआर असलेला छोटा स्विच लावायचा. तिथून D ने 17 दाखवले. दोन्हीकडून एकेक मीटर कॉर्ड वजा करा, 30 आणि 16 मिळून 46, छापील 45 च्या अगदी जवळ. दोन्ही बाजू एकाच जागेकडे बोट दाखवतायत. बेरीज बरीच कमी भरली असती, तर ती पेअर दोन ठिकाणी तुटली असती, आणि हे एका टोकाकडून कधीच कळलं नसतं. छतात 146 आणि 147 च्या मधे सीलिंगच्या चॅनेलचा स्क्रू केबलच्या आवरणात शिरलेला होता.

D ने 46 किंवा 47 च दाखवले असते तर? तूट आयओच्या पंचिंगमध्ये असू शकते किंवा बिघाड केबलबाहेर असू शकतो, आणि टोक मोकळं असताना हे दोन्ही टीडीआरला सारखेच दिसतात. तिथे एलईडीवाला टेस्टरच कामाचा. आकडा एकदोन मीटर आला तर पॅच कॉर्डचा प्लग आणि पॅनलचं पंचिंग यांत फरक करणं स्विचला जमत नाही. अशा वेळी आधी कॉर्ड बदलून पाहावी, मग पंचिंग पुन्हा करावं. माझ्या मते छतात जाण्याआधी दोन्ही टोकं तपासलीच पाहिजेत, कारण बहुतेक बिघाड तिथेच असतात.

बारीक फरक पटकन सांगतो. एसएफपी पोर्टवर ही टेस्ट सहसा चालत नाही. मऊ, अनेक तारांच्या कॉर्डवर आकडे घसरतात, सॉलिड केबलवर नीट येतात. आणि चारही `Normal` आल्याने केबल गिगाबिटला प्रमाणित होत नाही. क्रॉसटॉक इथे मोजला जात नाही, आणि वायरी जोड्या मोडून टोचल्या असतील तर तेही बरेचदा सुटतं. त्यासाठी सर्टिफिकेशन टेस्टर वेगळा असतो.

त्या केबलला मधे जोड दिला नाही, नवी ओढली. आयओ मोकळा ठेवून पुन्हा टेस्ट चालवली तेव्हा चारही पेअर `Open` आल्या, आकडे 48, 47, 48, 48. पाहणाऱ्याने विचारलं, अजून ओपनच? हो, ओपनच यायला हवं. कॉर्ड लावल्यावर पोर्ट 1000 वर आला, आणि पॅनलच्या लेबलवर केबलचे दोन्ही टोकांचे छापील आकडे लिहून ठेवले.