सत्तरीतलं नाटक आणि दोन एमबीपीएसचा हिशेब

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात जत्रेच्या रात्री देवळासमोर नाटक उभं राहतं आणि मुंबई-पुण्यातले कुळावी, म्हणजे या देवाला मानणारी घराणी, आधीपासूनच लाइव्ह लिंक मागायला लागतात. गावातली मुलं कॅमेरा लावतात, लॅपटॉपवर ओबीएस हे थेट प्रसारणाचं सॉफ्टवेअर सुरू करतात आणि हौसेने १०८०चं रिझोल्यूशन निवडतात. पडदा उघडतो. मांडवात सगळं झकास दिसत असतं, पण मुंबईच्या टीव्हीवर नायकाच्या चेहऱ्यावर चौकोनी ठिगळं दिसतात. दोष बहुतेक वेळा कॅमेऱ्यात नसतो. इंटरनेटवरून सेकंदाला पाठवता येणारे मोजके बिट फार जास्त पिक्सेलमध्ये वाटले गेलेले असतात.

आधी हे बिट कमी का, ते पाहू. गावातून प्रसारण मोबाइलच्या इंटरनेटवरून जातं, आणि मोबाइल साधारणपणे जास्तीत जास्त ०.२ वॅट शक्तीने टॉवरकडे बोलतो. टॉवरकडून येणारा सिग्नल त्याच्या कितीतरी पट जोरदार असतो. शिवाय ज्या पट्ट्यांत एकाच लहरीवर पाळीपाळीने येणं-जाणं चालतं, तिथे बराचसा वेळ डाउनलोडला दिलेला असतो. त्यामुळे फोनवर व्हिडिओ छान बघता येतो, पण पाठवताना दम लागतो. सत्तरीत डोंगर आडवे येतात, आणि जत्रेला माणसं जमली की तोच टॉवर सगळ्यांत वाटला जातो. म्हणून दुपारच्या रिकाम्या मांडवात केलेली स्पीड टेस्ट रात्री उपयोगाची नाही. गर्दी जमल्यावर, फोन जिथे ठेवणार तिथूनच, थोड्या थोड्या वेळाने काही वेळा अपलोड मोजायचं आणि त्यातला सगळ्यात खालचा आकडा धरायचा. सरासरीवर विसंबलात तर नेमका महत्त्वाचा प्रवेश अडकेल.

समजा, वाळपईच्या पुढच्या एका गावात रात्री अपलोड सेकंदाला २५ ते ५० लाख बिट, म्हणजे २.५ ते ५ एमबीपीएसच्या मध्ये हेलकावे खातंय. २.५ धरून त्यातलाही थोडा भाग मोकळा सोडला, तर आपल्याकडे जेमतेम २ उरतात. त्यातले १२८ केबीपीएस आवाजाला द्यायचे. संगीत नाटक असेल तर यात काटकसर नकोच. अंधूक चित्र प्रेक्षक सहन करतात, तुटलेलं पद नाही. चित्रासाठी राहिले साधारण १८०० केबीपीएस.

आता भागाकार करू. १०८०च्या एका चित्रात सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात. सेकंदाला ३० चित्रं धरली तर ६.२ कोटी पिक्सेल होतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला ०.०२९ बिट येतो. ७२० आणि २५ चित्रं घेतली की पिक्सेल २.३ कोटी होतात आणि वाटा ०.०७८ बिटवर जातो. म्हणजे पावणेतीन पट. एच.२६४ या व्हिडिओ आकसून पाठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीला हलत्या चित्रासाठी ०.१च्या आसपास बिट मिळाले तर ती खूश असते. रंगमंचासारख्या बऱ्याचशा स्थिर दृश्याला त्याहून कमीतही भागतं. ०.०२९ मध्ये मात्र भागत नाही. मग चित्र आकसणारा एन्कोडर आधी बारीक तपशील पुसतो, शालूची नक्षी जाते, आणि शेवटी चौकोन उघडे पडतात. ७२०चं नीट भरलेलं चित्र टीव्हीवर मोठं करून पाहिलं तरी १०८०च्या उपाशी चित्रापेक्षा स्वच्छ दिसतं.

२५ चित्रांचं आणखी एक कारण आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. २५ चित्रं आणि १/५० शटर ठेवलं की प्रत्येक चित्रात सारखाच उजेड येतो आणि लुकलुक दिसत नाही. लुकलुक नसली की एन्कोडरचाही खर्च वाचतो.

ओबीएसमध्ये हे असं उतरतं:

```
Output (Scaled) Resolution: 1280x720
FPS: 25
Rate Control: CBR
Bitrate: 1800 Kbps
Keyframe Interval: 2 s
CPU Usage Preset: fast
Profile: high
Audio Bitrate: 128
```

यातला कीफ्रेम समजून घेण्याजोगा आहे. दर दोन सेकंदांनी एन्कोडर एक संपूर्ण चित्र पाठवतो. मधल्या चित्रांत मुख्यतः काय बदललं तेवढंच जातं. संपूर्ण चित्र महाग असतं. अंतर एक सेकंद केलं तर हा खर्च दुप्पट वेळा होतो आणि नटांच्या हालचालीला बिट उरत नाहीत. अंतर फार वाढवलं तर प्रेक्षकाला जोडायला उशीर होतो आणि व्हिडिओ घेणारी सेवा तक्रार करते. दोन सेकंद बरे. CBR, म्हणजे कायम एकसारखा बिटरेट, निवडायचं, कारण ठरलेल्या आकड्याच्या वर अचानक उसळी मारली तर अरुंद वाटेत रांग लागते. CPU Usage Preset मंद केला तर त्याच बिटांत चित्र जरा सुधारतं, पण लॅपटॉपला झेपलं पाहिजे.

इथवर सेटिंगचं झालं. माझ्या मते खरी लढाई मात्र कॅमेऱ्यापाशीच आहे. मंचामागचा रंगवलेला पडदा हलत नाही, म्हणून तो एकदा पाठवला की जवळपास फुकट पडतो. पण उजेड कमी पडला आणि कॅमेऱ्याने चित्र उजळवण्यासाठी आपोआप गेन वाढवला, की त्या पडद्यावर बारीक दाणे वळवळायला लागतात. एन्कोडरला दाणा आणि नटाची भुवई यांत फरक कळत नाही, दोन्ही बदलच. तो दाण्यांवर बिट उधळतो. म्हणून एक्स्पोजर हाताने लावायचं, गेनला मर्यादा घालायची आणि प्रकाशवाल्याला समोरून आणखी एक दिवा मागायचा. कॅमेऱ्यातली ‘शार्पनेस’ थोडी खाली आणायची. ती दाण्यांच्याही कडा ठळक करते. ट्रायपॉड हवाच. आणि मंचाच्या कमानीवर लुकलुकणारी रोषणाई असेल तर ती फ्रेमच्या बाहेर ठेवायची, मंडळाला कितीही वाईट वाटो. तिच्यासारखा बिटखाऊ दुसरा नाही. अपवाद फक्त धुराचं यंत्र.

एवढं करूनही बिघडलं तर कुठे बिघडलं ते ओबीएसची Stats खिडकी सांगते. Dropped Frames (Network) वाढत असेल तर वाट अरुंद झालीय. बिटरेट कमी करा, फोन पत्र्याखालून बाहेर काढा आणि वाय-फाय हॉटस्पॉटऐवजी यूएसबी केबलने जोडा. Skipped frames due to encoding lag वाढत असेल तर नेटवर्कला शिव्या देऊन उपयोग नाही, लॅपटॉप थकलाय. Preset ‘veryfast’वर न्या. दोन्ही शून्य असून चित्र गढूळ असेल, तर बिट अपुरे आहेत किंवा दाणे जास्त आहेत. अंधारानंतर दिवे एकदम लागले की क्षणभर चित्र मऊ होऊन सावरतं, ते मात्र चालायचंच.

ओबीएसच्या Advanced पानावर ‘Dynamically change bitrate to manage congestion’ असा पर्याय आहे. तो चालू ठेवा. नेटवर्क आक्रसलं की बिटरेट आपोआप उतरतो आणि चित्र अडखळण्याऐवजी मऊ होतं. पण तो पिक्सेल कमी करत नाही. मध्यरात्रीपर्यंत अपलोड १.२५ एमबीपीएसच्या आसपास घसरलं, तर ७२० पुन्हा उपाशी राहील. तेव्हा मध्यंतरात प्रसारण थांबवून 960x540 आणि ९०० केबीपीएस लावा, म्हणजे वाटा पुन्हा ०.०६९ बिटवर येतो. आवाज मात्र १२८वरून ९६ करावा लागेल. यूट्यूबवर ‘ऑटो-स्टॉप’ आधीच बंद केलेलं असेल तर त्याच लिंकवर पुन्हा सुरू करता येतं, आणि कुळाव्यांना नवी लिंक पाठवत बसावं लागत नाही.