हप्ते चालू असताना नोटीस न देता दुचाकी ओढून नेली? फायनान्स कंपनीला पत्र असे लिहा

गाडी ओढून नेल्यावर बहुतेक जण आधी रिकव्हरीवाल्याला फोन करून भांडतात. त्यातून हाती काही लागत नाही. पहिल्या दिवशी दोनच गोष्टी करा. ज्या हद्दीतून गाडी नेली त्या पोलीस ठाण्यात जाऊन फायनान्स कंपनीने ताबा घेतल्याची सूचना दिली आहे का, ते विचारा. तशी सूचना नसेल तर गाडी चोरीला गेली की ओढली, हेच नक्की होत नाही, म्हणून लेखी तक्रार द्या. दुसरे म्हणजे एजंटने पुढे केलेल्या ‘गाडी स्वखुशीने जमा करत आहे’ अशा कागदावर सही करू नका. ती सही झाली की नोटिशीचा मुद्दाच निकालात निघतो.

पत्र कर्जदाराच्याच नावाने जाते. गाडी मुलगा चालवत असेल आणि कर्ज वडिलांच्या नावावर असेल तर सही वडिलांची. सहकर्जदार असल्यास त्यानेही सही करावी.

पत्राचा आधार काय? रिझर्व्ह बँकेच्या फेअर प्रॅक्टिसेस कोडनुसार बिगर-बँक फायनान्स कंपनीच्या करारातच काही गोष्टी लिहिलेल्या असाव्या लागतात: ताब्यापूर्वी किती दिवसांची नोटीस, ती कोणत्या परिस्थितीत माफ, विक्रीआधी पैसे भरण्याची शेवटची संधी आणि गाडी परत देण्याची पद्धत. कराराची प्रत कर्जदाराला देणेही बंधनकारक आहे. ‘नोटीस मिळाली नाही’ एवढे लिहून मात्र भागत नाही. मॅग्मा फिनकॉर्प या फायनान्स कंपनीच्या खटल्यातल्या 2020 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने करारात नोटिशीची अट आहे का, यालाच महत्त्व दिले. म्हणून करारातले नेमके कलम शोधा, आणि प्रत नसेल तर तीच आधी मागा.

‘नियमित हप्ते’ असूनही गाडी थकबाकीत दिसते, ती कशी? समजा हप्ता 3,240 रुपये, तारीख 5. जुलैत खात्यात पैसे कमी पडले, नॅच, म्हणजे खात्यातून हप्ता आपोआप कापण्याची सोय, बाऊन्स झाले. तुम्ही 8 तारखेला यूपीआयने 3,240 भरले. कंपनीने त्यातून आधी बाऊन्स चार्ज 500 आणि त्यावरचा 18 टक्के जीएसटी, म्हणजे 590 कापले. हप्त्याला 2,650 च लागले. ऑगस्टच्या हप्त्यातून आधी जुलैचे 590 वळते झाले, मग ऑगस्ट तेवढाच अपुरा. पुढे दर महिन्याला तेच. बँकेच्या पासबुकात सगळे हप्ते गेलेले दिसतात आणि कंपनीच्या संगणकात खाते महिनोन् महिने ‘ओव्हरड्यू’. दुसरा नेहमीचा घोळ म्हणजे एजंटला रोख दिलेला हप्ता खात्यात जमाच न होणे. पावती नसेल तर तो सिद्ध करणे अवघड.

म्हणूनच पत्रात गाडीइतकाच जोर खाते उताऱ्यावर द्या. मजकूर साधारण असा:

‘माझे कर्ज खाते क्र. …, वाहन क्र. … . दि. … रोजी … येथून आपल्या माणसांनी वाहन ताब्यात घेतले. त्यापूर्वी मला कोणतीही लेखी नोटीस मिळालेली नाही. भरलेल्या हप्त्यांचा तपशील व बँक उतारा सोबत जोडला आहे. तरी पत्र मिळाल्यापासून 7 दिवसांत वाहन व डिकीतील वस्तू परत कराव्यात. कर्ज सुरू झाल्यापासूनचा उतारा द्यावा. त्यात प्रत्येक रक्कम कोणत्या तारखेला जमा झाली, ती हप्त्याला लागली की चार्जेसला, हे स्पष्ट असावे. नोटीस पाठवल्याचा पुरावा, एजंटचे अधिकारपत्र, ताब्याच्या वेळची वस्तूंची यादी आणि वाहन ठेवलेल्या यार्डचा पत्ता द्यावा. तोपर्यंत वाहनाचा लिलाव करू नये. यार्डचे भाडे मला मान्य नाही.’

सोबत आरसी, आधार, बँक उतारा आणि यूपीआय व्यवहाराचे यूटीआर क्रमांक जोडा. उताऱ्यात हप्त्यांच्या ओळी पेनाने गोल करून ठेवा, समोरचा माणूस त्याच बघतो. पत्र कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेलने आणि पोचपावतीसह स्पीड पोस्टने पाठवा. नुसत्या शाखेत देऊ नका. एक प्रत आरटीओला द्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम 51(5) नुसार कंपनी ताब्यातल्या गाडीची नवी आरसी स्वतःच्या नावे मागू शकते. वाद चालू असल्याचे आरटीओला आधीच कळलेले बरे.

या काळात रागाने हप्ता थांबवू नका. थांबवलात तर थकबाकी खरीच होते.

उतारा आला आणि त्यात 590 सारखी किरकोळ रक्कम दिसली, तर ती ‘हक्क राखून’ असे लिहून भरा आणि गाडी सोडवा. चार्जेसवर नंतर भांडता येते. 30 दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, शुल्क नाही. मात्र सगळ्याच छोट्या फायनान्स कंपन्या या योजनेत येत नाहीत. तसे असल्यास जिल्हा ग्राहक आयोग आहे: दोन वर्षांची मुदत, आणि मोबदला 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही. लिलावाची तारीख पडली असेल तर 30 दिवस थांबू नका, थेट आयोगात अंतरिम स्थगिती मागा.