बिग ओची पहिली ओळख (कोडिंग क्लबमधील भाषण)

कोडिंग क्लबमधला वरच्या वर्षाचा एखादा विद्यार्थी नव्याने आलेल्यांना रोजच्या व्यवहारातल्या उदाहरणांवरून बिग ओ समजावून देतो, ते छोटेखानी भाषण. माहिती वाढत गेली की प्रोग्रॅमचे काम कोणत्या चालीने वाढते, हे दाखवणारी खूण म्हणजे बिग ओ. ही खूण संगणकाच्या आधीची आहे. जर्मन गणितज्ञ पाउल बाखमन यांनी ती १८९४ मध्ये वापरली आणि एडमंड लांडाउ यांनी रूढ केली. डोनाल्ड कनूथ यांनी १९७६ मधल्या एका लेखात संगणकशास्त्रासाठी तिचा नेमका अर्थ मांडला.

अशा भाषणात अनेक उदाहरणे घेण्यापेक्षा एकच उदाहरण शेवटपर्यंत नेलेले बरे. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा त्यासाठी उत्तम, कारण तो प्रत्येकाने हाताळलेला असतो.

समजा, गठ्ठ्यात ६० उत्तरपत्रिका आहेत, रोल नंबर कसेही लागले आहेत आणि त्यातली एक शोधायची आहे. नशीब फारच वाईट असेल तर साठच्या साठ उलटाव्या लागतील. गठ्ठा १२० चा झाला तर १२०. माल दुप्पट, काम दुप्पट. पत्रिकांची संख्या n धरली तर याला O(n) म्हणतात. तोच गठ्ठा रोल नंबरप्रमाणे लावलेला असेल तर मधली पत्रिका उघडायची, हवा तो नंबर वर आहे की खाली ते पाहायचे आणि अर्धा गठ्ठा बाजूला ठेवायचा. शिल्लक पत्रिका ६०, ३०, १५, ७, ३, १ अशा घटतात, म्हणजे जास्तीत जास्त सहा वेळा पाहावे लागते. १२० साठी फक्त सात वेळा, आणि दहा लाखांसाठी वीस वेळा. हे O(log n). मात्र गठ्ठा लावायलाही कष्ट पडतात, आणि भाषणात नेमके हेच सांगायचे राहून जाते. एकच पत्रिका काढायची असेल तर आधी सगळा गठ्ठा लावत बसणे तोट्याचे. दिवसभर एकेक मागणी येणार असेल तर लावलेला गठ्ठा फायद्याचा.

आता प्रश्न बदलू. एकच रोल नंबर दोन पत्रिकांवर पडला आहे का? प्रत्येक पत्रिका उरलेल्या प्रत्येकीशी ताडून पाहिली तर ६० पत्रिकांच्या १,७७० जोड्या होतात आणि १२० च्या ७,१४०. गठ्ठा दुप्पट झाला, काम जवळपास चौपट. इथे वर्गातून हमखास शंका येते: साठचा वर्ग ३,६००, मग १,७७० ला O(n²) कसे म्हणायचे? शंका अगदी रास्त आहे आणि तिला घाईने बाजूला सारू नये. जोड्यांचे सूत्र n(n-1)/2 आहे. त्यातला 'निम्मे' हा भाग ६० लाही निम्मेच करतो आणि १२० लाही, त्यामुळे चौपटीत फरक पडत नाही. वजा होणारा भाग ६० ला ३० आणि १२० ला ६० एवढाच. n वाढेल तसा तो एकूण कामापुढे नगण्य होत जातो. बिग ओ काम मोजत नाही, कामाची वाढ सांगतो. म्हणूनच दोन्ही गोष्टी गाळल्या तरी चालते.

मग दोनदा आलेले नंबर शोधणारा पायथॉनमधला हा तुकडा फळ्यावर लिहावा, त्यात `rolls` ही रोल नंबरांची लिस्ट आहे असे सांगावे आणि किती लूप दिसतात ते विचारावे.

```python
seen = []
for r in rolls:
    if r in seen:
        print(r)
    seen.append(r)
```

बहुतेक जण एक म्हणतात आणि O(n) सांगून मोकळे होतात. पण `r in seen` ही ओळ लिस्ट पहिल्यापासून तपासत जाते, म्हणजे दुसरा लूप तिच्यात दडलेला आहे. सगळे नंबर वेगळे असतील तर १०,००० नंबरांसाठी सुमारे ५ कोटी तुलना होतात आणि २०,००० साठी सुमारे २० कोटी. `seen = set()` केले आणि `append` च्या जागी `add` लिहिले की ही तपासणी सरासरी एका ठरावीक वेळात होते, सेट कितीही मोठा असला तरी. एकूण काम O(n) वर येते. बदल्यात सेट जास्त मेमरी घेतो.

चूक ओळखायला सूत्र लागत नाही. नंबरांची संख्या दुप्पट करून प्रोग्रॅम पुन्हा चालवावा आणि वेळ टिपावा. वेळ दुपटीच्या आसपास गेला तर O(n), चौपटीकडे गेला तर कुठेतरी दुसरा लूप दडला आहे. हा प्रयोग ६० नंबरांवर करू नये. तिथे दोन्ही प्रोग्रॅम इतक्या लवकर संपतात की फरक मोजताच येत नाही, आणि पहिल्या वर्षाच्या असाइनमेंटमध्ये यादी बहुधा तेवढीच असते.