तांदूळ धुणं वेगळं, भात वेळणं वेगळं

‘आम्ही तांदूळ पाच पाण्यांनी धुतो, आमच्याकडे कसलं आर्सेनिक!’ पुण्यात हे वाक्य ऐकून कान किटले. धुतल्यावर जे पांढरं पाणी जातं तो स्टार्च आणि धूळ. तांदूळ जरूर धुवा, पण तांदळातलं आर्सेनिक हे विष काढायला त्यावर विसंबू नका. बासमतीत त्याने फार तर दहावा हिस्सा कमी होतो, इतर तांदळांत त्याहूनही कमी.

कारण आर्सेनिक दाण्यावर नसतं, दाण्यात असतं. खाचरात पाणी साचलं की मातीतला प्राणवायू संपतो आणि लोहाला चिकटून बसलेलं आर्सेनिक सुटून पाण्यात येतं. भाताचं मूळ सिलिका ज्या वाटेने शोषतं, त्याच वाटेने तेही आत घेतं. कच्च्या, कोरड्या दाण्यातून ते गार पाण्यात फारसं उतरत नाही. दाणा उकळून फुगला की उतरतं, आणि ते पाणी ओतून टाकलं तरच जातं.

इथे आपला कुकर आड येतो. वाटीला दोन वाट्या पाणी घातलं की ते सगळं भातातच जिरतं, म्हणजे निघालेलं आर्सेनिक परत ताटात. वेळायचं तर वाटीला सहा वाट्या पाणी, उघडं पातेलं, दाणा शिजला की चाळणीत निथळणं. यात घातक असेंद्रिय आर्सेनिक साधारण निम्म्याने उतरतं. मला दुसरी रीत जास्त पटते: वाटीला चार वाट्या उकळतं पाणी, त्यात तांदूळ पाच मिनिटं उकळायचा, पाणी फेकायचं, मग दोन वाट्या ताजं पाणी घालून झाकण ठेवून मंद आचेवर शिजवायचा. शेफील्ड विद्यापीठाच्या २०२० च्या अभ्यासात या रीतीने पांढऱ्या तांदळातलं ७३ टक्के आणि ब्राउन राइसमधलं ५४ टक्के असेंद्रिय आर्सेनिक गेलं. इंद्रायणीसारखा चिकट तांदूळ मात्र सहापट पाण्यात लगदा होतो, त्याला ही दुसरीच रीत बरी.

आणि कृपा करून ती निथळून काढलेली पेज ‘पौष्टिक’ म्हणून आमटीत ओतू नका! पेजेबरोबर थोडी बी-जीवनसत्त्वं जातात हे खरं, पण ती डाळीतूनही मिळतात. बंगालसारख्या ठिकाणी, जिथे विहिरीच्या पाण्यातच आर्सेनिक असतं, तिथे जास्त पाणी उलट भर घालतं.

धान्य बदलणं सगळ्यात सोपं. ज्वारी-बाजरी पाणी तुंबवून पिकवत नाहीत, त्यामुळे त्यांत आर्सेनिक खूपच कमी. एका वेळी भाकरी खाणाऱ्याला वेळण्याच्या खटाटोपाची घाई नाही. दोन्ही वेळा भात खाणाऱ्याला आहे, आणि वजनाच्या मानाने जास्त खाणाऱ्या तान्ह्या बाळाला तर आहेच. त्याला रोज तांदळाची पेज भरवण्यापेक्षा एक दिवसाआड नाचणीचं सत्त्व द्यावं. ‘हेल्दी’ म्हणून ब्राउन राइसवर उडी मारणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं की आर्सेनिक कोंड्यात जास्त साठतं, म्हणून पांढऱ्यापेक्षा त्यातच ते अधिक असतं.